शेठ, उद्या अर्धा दिवस द्या

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात जळगावला आपली बैठक होती. विषय दुसराच होता. पण चहाच्या वेळी एक मैत्रीण उशिरा आली, कडेवर मूल, हातात पिशवी, आणि दारातूनच म्हणाली, “ताई, आज बी नाही झालं. मन्हा पोऱ्याले सुई देनी शे म्हणून तीन आठवडे मागे लागलीय शेठच्या, तो म्हणतो सीझन आहे.” त्यानंतर बैठकीचा मूळ विषय बाजूलाच राहिला. खोलीतल्या सतरा जणींपैकी बहुतेकींकडे असा एक तरी किस्सा होता. पोराला लस द्यायला रजा मागितली तेव्हाचा, नाहीतर पोरीच्या शाळाप्रवेशाच्या मुलाखतीला जायला मागितली तेव्हाचा. एरवी आपण या अंकात मोठमोठ्या कायद्यांवर लिहितो. या वेळी मी अर्ध्या दिवसावर लिहिते आहे.

आधी या मैत्रिणीचीच हकीगत सांगते. नाव देत नाही, कारण ती अजून त्याच दुकानात आहे. जळगावच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान, मालक धरून नव्हे तर मालक सोडून चौदा माणसं कामाला, त्यात पाच बायका. सकाळी दहा ते रात्री साडेआठ. मूल नऊ महिन्यांचं झालं तेव्हा अंगणवाडीच्या ताईने कार्डावर बोट ठेवून सांगितलं की आता गोवर-रुबेलाची लस आहे, त्याच दिवशी न्यूमोकोकलचा बूस्टर आणि पोलिओची सुईही आहे, ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोसही आहे. वस्तीतलं सत्र महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी दहा ते दोन. तिने शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, “दवाखाना काय पळून जातो का? संध्याकाळी जा. नाहीतर रविवारी घेऊन जा.”

शेठचं हे वाक्य ऐकायला अगदी वाजवी वाटतं, म्हणून त्याला उत्तर देता आलं पाहिजे. गोवर-रुबेलाची लस बाटलीत पावडरीच्या रूपात येते. एका बाटलीत पाच किंवा दहा मुलांचे डोस असतात. नर्सबाई त्यात द्रावण मिसळते आणि तिथून चार तास मोजायचे. त्यानंतर उरलेली लस फेकून द्यायची, उद्यासाठी ठेवायची नाही, कारण तिच्यात जंतू वाढू न देणारं रसायन नसतं आणि शिळ्या बाटलीने मुलं दगावल्याची उदाहरणं आहेत. बीसीजीचंही तसंच. त्यामुळे लसीचा एक वार ठरवून सगळ्या मुलांना एकत्र बोलावतात. एका मुलासाठीही बाटली उघडावी, मूल परत पाठवू नये, असं आरोग्य खात्याचं सांगणं आहे. पण बाटली वाया गेली की हिशेब नर्सबाईला द्यावा लागतो, म्हणून दोन वाजता एकटं आलेलं मूल पाहून तिच्या कपाळावर आठी येते, हेही खरं आहे. तेव्हा संध्याकाळी दुकान सुटल्यावर वस्तीतलं सत्र नसतंच. पैसे देऊन खासगी डॉक्टरकडे जाता येतं, आणि आपल्या कितीतरी जणींनी केवळ रजा मिळत नाही म्हणून सरकारची फुकटची लस सोडून पदरचे पैसे मोजले आहेत. हा खर्च कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

“मग सासूला पाठव, शेजारणीला पाठव.” हेही ऐकलंय आपण. आमच्या मैत्रिणीने दुसऱ्या महिन्यात तेच केलं. शेजारीण मूल घेऊन गेली, पण कार्ड घरात कुलपात राहिलं. नर्सबाईने विचारलं, आधीच्या सुईनंतर काही त्रास झाला होता का, फिट आली होती का, सध्या काही औषध चालू आहे का. शेजारणीला काय ठाऊक? नर्सबाईने लस दिली नाही, कार्ड घेऊन या म्हणाली. मला तिचा राग येत नाही. दोन वर्षांखालच्या पोराच्या अंगात तीन सुया टोचताना तिला जे विचारायचं असतं ते आईच सांगू शकते, किंवा बाप, जर बापाने कधी लक्ष दिलं असेल तर. शिवाय लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं असतं. एखाद्या मुलाला क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते ती बहुधा याच अर्ध्या तासात, आणि ती ओळखून इंजेक्शन द्यायची सोय सत्राच्या जागीच असते. घाईत असलेली आई सुई टोचली की पळते. रजा नाकारण्यातला हा धोका कुणी बोलून दाखवत नाही.

या सगळ्यात तीन आठवडे गेले, मग सत्र चुकलं म्हणून आणखी महिना. लस उशिरा झाली तरी वाया जात नाही, पहिल्यापासून मोजायची गरज नसते, आणि गोवरची चुकलेली लस पाच वर्षांपर्यंत देतात. हे मी मुद्दाम लिहिते, कारण उशीर झाला म्हणून लाजून न जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. साधी सर्दी किंवा अंग कोमट आहे म्हणूनही लस टाळायची नसते. पण त्या मधल्या दिवसांत मूल उघडं असतं. 2022 च्या शेवटी मुंबईच्या गोवंडीत गोवर पसरला तेव्हा मालेगावही त्या बातम्यांत होतं, आणि मालेगाव ते धुळे म्हणजे एसटीने किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता हिशेब. आम्ही त्या बैठकीत खडू घेऊन फळ्यावर मांडला. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे जन्माच्या वेळचे डोस दवाखान्यातच होतात. मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. मग नवव्या महिन्यानंतर. मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. मग पाच वर्षं पूर्ण झाल्यावर. बाळंतपणाची रजा, जिला मिळते तिला, पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात, म्हणजे बाळंतपणानंतर किमान अठरा आठवडे उरतात. साडेतीन महिन्यांची सुई त्यात बसते. याचा अर्थ कामावर परतल्यावर शाळेत घालेपर्यंत सुईचे दिवस उरतात फक्त तीन. पाच वर्षांत तीन अर्धे दिवस! ‘अ’ जीवनसत्त्वाचे पुढचे डोस तोंडाने द्यायचे असतात, ते अंगणवाडीत कुणीही नेऊन देऊ शकतं. फळ्यावर तीन हा आकडा उमटला तेव्हा खोलीत जरा शांतता झाली. आपण शेठकडे, साहेबांकडे, मॅडमकडे जे मागताना घसा कोरडा पडतो ते इतकंच आहे.

त्यात एक भर घालायला हवी. सोळा ते चोवीस महिन्यांच्या बूस्टरमध्ये आणि पाच वर्षांच्या सुईत डीपीटी असते. तिच्यानंतर पुष्कळ मुलांना त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ताप येतो, टोचलेली जागा सुजते, मूल किरकिरं होतं. यात घाबरण्यासारखं नसतं, दोन दिवसांत उतरतं, आणि तापाचं औषध किती द्यायचं ते नर्सबाई सांगते. पण रजा मागताना हे लक्षात घ्यावं. ज्या आयांनी नुसता सुईच्या दिवसाचा विचार केला त्या दुसऱ्या दिवशी न कळवता गैरहजर राहिल्या आणि खाडा पडला. आधीच सांगून ठेवलेलं बरं: उद्या दुपारपर्यंत येत नाही, आणि ताप आला तर परवा सकाळी फोन करीन.

मला इथे स्वतःचं एक जुनं पाप कबूल करायचं आहे. माझा मुलगा दीड वर्षाचा होता तेव्हा मी धुळ्यात एका कार्यालयात लिपिक होते. बूस्टरचा दिवस आला. अर्जात मी लिहिलं, “माझी प्रकृती बरी नसल्यामुळे”. खरं कारण लिहिलं असतं तर रजा मिळाली नसती असं नाही, पण सगळ्यांसमोर वाचून हसले असते: बाईमाणूस नोकरीला ठेवलं की हेच. पुढच्या वर्षी मला खरोखर कावीळ झाली. मोठ्या साहेबांनी वैद्यकीय दाखला मागितला आणि दाखला दिल्यावरही बघितलं ते असं, की माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. तेव्हापासून मी प्रत्येक मैत्रिणीला सांगते की खोटं कारण लिहू नका. खोट्या कारणाने रजा मिळते, पण लसीसाठी रजा मागतात ही गोष्टच कागदावर येत नाही. दहा वर्षांचे अर्ज कुणी चाळले तर त्यात डोकेदुखी आणि कंबरदुखी सापडेल, मूल सापडणार नाही.

मग हक्काचं काय? सरकारी नोकरीतल्या बहिणींचं त्यातल्या त्यात बरं आहे. वर्षाला आठ किरकोळ रजा, अर्ध्या दिवसाचीही घेता येते. शिवाय 23 जुलै 2018 च्या शासन निर्णयाने राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, सगळ्या सेवाकाळात मिळून 180 दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. तीच रजा पुरुषाला मिळते ती पत्नी वारलेली असेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. म्हणजे बायको मेल्याशिवाय बाप संगोपनाला पात्र होत नाही! यावर एकदा स्वतंत्र लिहीन. आजच्या पुरतं एवढंच, की ती 180 दिवसांची रजा लांबच्या गरजेसाठी आहे. सुईच्या सकाळी किरकोळ रजाच कामाला येते, आणि ती नवऱ्याच्या खात्यावरही तितकीच असते. बैठकीत विचारलं, लसीसाठी कुणाच्या नवऱ्याने कधी अर्ज टाकला? एक हात वर झाला. तो नवरा एसटीत वाहक होता आणि त्याची त्या दिवशी सुट्टीच होती.

दुकानात, शोरूममध्ये, खासगी दवाखान्यात, क्लासमध्ये काम करणाऱ्या बहिणींचं काय, हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण यात मध्ये मोठा फरक पडला आणि आपल्यापैकी अनेकींना तो कळलाच नाही. 1948 चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा होता तेव्हा एकच नोकर असलेलं दुकानही त्यात यायचं आणि पगारी रजेचा हक्क कायद्यात होता. अंमलबजावणी यथातथाच, पण हक्क होता. डिसेंबर 2017 मध्ये महाराष्ट्राचा नवा कायदा आला. त्याने दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं रजेच्या कलमातून बाहेर काढली. दहा किंवा जास्त असतील तिथे मात्र चांगली तरतूद केली: वर्षाला आठ किरकोळ रजा पगारासह, दर तिमाहीला खात्यावर जमा होणाऱ्या, शिवाय आठवड्याची सुट्टी, शिवाय वर्षात 240 दिवस भरले तर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची रजा. मग 2025 मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून ही दहाची रेषा वीसवर नेली. छोट्या व्यापाऱ्यांवरचा कागदपत्रांचा बोजा कमी करण्यासाठी, असं कारण दिलं गेलं.

आता आमच्या मैत्रिणीचं दुकान आठवा. चौदा माणसं. तिचं मूल पोटात होतं तेव्हा तिला वर्षाला आठ पगारी किरकोळ रजांचा हक्क होता, आणि हे तिला कुणीच सांगितलं नाही. शेठने नाही, आपणही नाही. मूल नऊ महिन्यांचं झालं आणि आम्ही कायद्याचं पुस्तक घेऊन बसलो, तेव्हा रेषा तिच्या डोक्यावरून पुढे गेली होती. मला हे लिहिताना शरम वाटते. त्या आठ वर्षांत आपण किती मोर्चे काढले, आणि फुले मार्केटच्या एका तरी दुकानात जाऊन विचारलं का, की किरकोळ रजेचा हिशेब दाखवा?

(जाता जाता: बाळंतपणाच्या 26 आठवड्यांची तरतूद दहा कामगारांपासून लागू होते. ती 1961 च्या कायद्यात होती, 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. या मैत्रिणीला तीन महिने बिनपगारी घरी बसवलं होतं. तो वेगळा तंटा आहे आणि तो आपण हातात घेतला आहे.)

तेव्हा पहिलं काम म्हणजे माणसं मोजणं. दुकानात कामाला असलेले सगळे, ठेकेदारामार्फत आलेले वॉचमन, हमाल, सफाईवाली सुद्धा. वीसचा आकडा भरला तर आठ किरकोळ रजा हा हक्क आहे आणि अर्जात तसं लिहायचं. नाही भरला तर तिथे उरतो तो करार, रिवाज आणि बोलणी. यात एक वाट बायकांनी आपापल्या परीने शोधलेली आहे: आठवड्याची सुट्टी सुईच्या दिवशी बदलून घेणं. शेठही त्याला लवकर तयार होतो, त्याचं काही जात नाही. पण त्यापायी ती बाई सलग बारा दिवसही काम करते, आणि सुट्टीचा एकुलता दिवस दवाखान्याच्या रांगेत जातो. अडचणीला ही वाट ठीक आहे, पण रजा म्हणून तिची गणती करू नका.

अर्ज कसा लिहायचा, असं बऱ्याच गटांनी विचारलं आहे. आम्ही तिच्यासाठी लिहिला तो देते. “माझ्या मुलाची गोवर-रुबेला व इतर लस दि. … वार … रोजी सकाळी 10 ते 2 या वेळेत आमच्या वस्तीतील लसीकरण सत्रात आहे. हे सत्र महिन्यातून एकदाच असते. लस दिल्यावर अर्धा तास तिथे थांबावे लागते. म्हणून मला त्या दिवशी दुपारी 3 पर्यंत रजा मिळावी. मी 3 वाजता कामावर हजर होईन. माझ्या काउंटरवर त्या वेळेत … बसण्यास तयार आहे. मुलाच्या लसीकरण कार्डाच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.” बस्स. विनंती, कृपा, आपली आज्ञाधारक, असलं काही नाही. यात कामाला येणारी वाक्यं दोनच आहेत. एक, महिन्यातून एकदाच, कारण त्याने ‘रविवारी जा’ला उत्तर मिळतं. आणि दुसरं, माझ्या जागी अमुक बसेल, कारण शेठची खरी काळजी रिकाम्या काउंटरची असते, तुमच्या मुलाची किंवा शिस्तीची नसते. अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एकीवर मिळाल्याची सही घ्यायची. सही देत नसतील तर अर्जाचा फोटो त्यांच्या फोनवर पाठवायचा. पुढे पगार कापला किंवा कामावरून काढलं तर न सांगता गेली हे म्हणता येत नाही. आणि आठवडा आधी द्यायचा. कितीही न्याय्य असला तरी सकाळी नऊला दिलेला अर्ज हा नकाराला आमंत्रण असतो.

आता शाळेकडे वळते. धुळ्याची एक बहीण खासगी दवाखान्यात आया आहे, पाळीत काम. मुलीला इंग्रजी माध्यमात पहिलीत घालायचं होतं. शाळेतून निरोप आला: मंगळवारी सकाळी दहाला आई, वडील आणि मूल, तिघांनी मुलाखतीला यावं. तिने पाळी बदलून मागितली, नाही मिळाली. पूर्ण दिवसाचा पगार सोडून ती गेली. तिला आत बोलावलं ते एक वाजता. मुलीला रंग विचारले आणि फळांची नावं विचारली. आईला विचारलं, शिक्षण किती, घरी अभ्यास कोण घेणार, इंग्रजी येतं का. वडिलांना विचारलं, उत्पन्न किती. चार दिवसांनी यादी लागली, नाव नव्हतं. तिला वाटलं, आपण साडी साधी नेसून गेलो म्हणून.

ती हे सांगत असताना मला राहवलं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं तेरावं कलम असली मुलाखतच मना करतं. एका मुलाला दुसऱ्यापेक्षा पसंती देऊन निवडायची, सोडत सोडून दुसरी कुठलीही पद्धत म्हणजे छाननी. आणि मुलाची किंवा आई-बापाची छाननी करणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पहिली ते आठवीच्या प्रवेशाला हे लागू आहे. म्हणजे या बाईने जी रजा भीक मागितल्यासारखी मागितली, जिच्यासाठी एक दिवसाची मजुरी सोडली, ती कायद्याने व्हायलाच नको अशा एका गोष्टीसाठी होती. आपण रजेसाठी मालकाशी भांडत राहतो. इथे भांडण शाळेशी होतं.

याच्याही मर्यादा सांगितल्या पाहिजेत, नाहीतर कुणी अर्धवट माहितीवर जाऊन तोंडघशी पडेल. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाप्रमाणे हा कायदा लागू होत नाही, आणि आपल्याकडच्या जुन्या, नावाजलेल्या इंग्रजी शाळांपैकी काही त्यात येतात. नर्सरी, केजीच्या प्रवेशाला हेच कलम किती लागतं यावर वाद घालतात, म्हणून तिथे जपून. आणि नुसती कागदपत्रांची तपासणी ही मुलाखत नव्हे. जन्मदाखला, आधार, पत्ता पाहायला शाळा बोलावू शकते. ओळखायचं कसं? कागद पाहायचे असतील तर मुलाला प्रश्न विचारायचं कारण नाही, आई-वडील दोघांची हजेरी लागायचं कारण नाही, आणि त्यानंतर ‘निवड यादी’ लागायचं कारण नाही. निरोप आला की आधी लेखी विचारायचं: हे कशासाठी आहे, एकाच पालकाने आलं तर चालेल का, वेळ नेमकी कोणती. या एका प्रश्नाने पुष्कळदा मुलाखतीची ‘भेट’ होते आणि दहाच्या ऐवजी सायंकाळची वेळ मिळते. पंचवीस टक्के राखीव जागांच्या ऑनलाइन सोडतीत नाव लागलं तर मात्र पडताळणी समितीपुढे कागद घेऊन मुदतीत जावंच लागतं. ती मुदत चुकली तर जागा जाऊ शकते. तिथे रजेसाठी थांबू नका, बाप जाऊ द्या, आजोबांना कागद देऊन पाठवता येतील का ते आधी विचारून घ्या.

तक्रार कुणी करायची, हा खरा पेच आहे. आई करत नाही. ज्या शाळेत पोर घालायचं तिच्याच विरुद्ध कागद कोण देईल? पण कायद्याच्या बत्तिसाव्या कलमात एक वाट आहे जी आपण वापरलेली नाही. मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार कोणतीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे देऊ शकते. आई-बापच हवेत असं नाही. प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. खेड्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. दंडाचा खटला भरायला मात्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, म्हणून दंड झालाच असं कुणाला सांगू नका. तरी पाच आयांच्या मुलाखतीचे निरोप, तारखा, वेळ, विचारलेले प्रश्न असं एकत्र करून, नावं झाकून, गटाच्या नावाने एक कागद देता येतो. जानेवारीपासून प्रवेशाचे निरोप सुरू होतात. धुळ्याच्या गटाने असे निरोप जमवायला सुरुवात केली आहे, जळगावने आणि शिरपूरने करावी.

परत लसीकडे येते, कारण बैठकीत एका तरुण मुलीने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ती म्हणाली, “पोलिओच्या वेळी माझ्या आईने कधी रजा काढली नाही, मग आताच का?” खरंच आहे. 1995 च्या डिसेंबरात पल्स पोलिओ सुरू झाला, आणि पुढे तो रविवारचा झाला. शाळेत, एसटी स्टँडवर, रेल्वे फलाटावर बूथ. जे चुकले त्यांच्या घरी पुढच्या दिवसांत माणसं यायची, दारावर खडूने खूण करायची. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. तोंडात टाकायचे दोन थेंब आणि सुया यात फरक आहे, हे कबूल. थेंब कुणीही स्वयंसेवक देऊ शकतो, सुईला शिकलेला हात लागतो. पण वार बदलता येतो, वेळ बदलता येते, हे सरकारने स्वतः करून दाखवलं होतं. आज आशाताईला मुलाच्या पहिल्या वर्षाच्या लसी पूर्ण केल्याबद्दल प्रोत्साहन भत्ता आहे. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात, बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून, आणि त्याचा शेवटचा हप्ता लसींची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर मिळतो. म्हणजे लसीने मजुरी बुडते हे सरकारला मान्य आहे. पण ती फेरी साडेतीन महिन्यांवर संपते. नवव्या महिन्याच्या सकाळी बुडणारी मजुरी कुणाच्याच योजनेत नाही.

म्हणून जळगावच्या गटाने महापालिकेच्या आरोग्य विभागाला एक साधी मागणी दिली आहे: बाजारपेठेजवळच्या आरोग्य केंद्रात महिन्यातून एक सत्र सकाळी आठला सुरू करा. दुकानं दहाला उघडतात. आठला आलेली आई अर्धा तास थांबूनही वेळेवर काउंटरवर पोचते, आणि कुणाच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही. नर्सबाईंच्या कामाची वेळ त्यामुळे वाढता कामा नये, त्यांनाही घरी मुलं आहेत, हेही त्यात लिहिलं आहे. अजून उत्तर नाही.

आणि ती मैत्रीण. तिसऱ्या महिन्यात तो अर्ज घेऊन ती गेली. सोबत काउंटरवर बसायला तयार असलेली दुसरी बाईही गेली. शेठने वाचला, पुन्हा वाचला, कार्डाची प्रत उलटी करून पाहिली. म्हणाले, “हे तू लिहिलंस?” मग सही केली आणि सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, “अर्धा दिवस कट”. लस झाली, तिन्ही सुया, पोर संध्याकाळपर्यंत रडलं आणि दुसऱ्या दिवशी खेळायला लागलं. त्या अर्जाची प्रत आपल्या कार्यालयात लावून ठेवली आहे. त्याच दुकानातल्या आणखी दोघींनी कोरे अर्ज नेले आहेत.

तुमच्या गावातले अर्ज पाठवा. मंजूर झालेले, नामंजूर झालेले, शेरा मारलेले, सगळे. नाव खोडून पाठवलं तरी चालेल.

तुमची,
संपादक